आधी सल्ला, मग नोंदणी

शेतीविषयक सल्ला देणारे नवे अ‍ॅप शेतकऱ्याच्या मोबाइलमध्ये उतरते, त्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत त्याचे भवितव्य बहुधा ठरून जाते. या दोन मिनिटांत शेतकऱ्याला काय दिसते? प्रथम संस्थेचे बोधचिन्ह, मग अ‍ॅपची वैशिष्ट्ये सांगणारी तीन-चार चित्रे, मग भाषा, मग मोबाइल क्रमांक, मग ओटीपीची प्रतीक्षा. त्यानंतर नाव, राज्य, जिल्हा, तालुका, गाव, एकूण क्षेत्र, सिंचनाचे साधन आणि पिके. मधूनच स्थान, कॅमेरा आणि सूचना यांसाठी परवानग्या. हे सारे पार पडल्यावर मुख्य स्क्रीन उघडते, आणि ज्या प्रश्नासाठी अ‍ॅप घेतले तो कोठे विचारायचा याचा शोध तेथून पुढे सुरू होतो.

यातला प्रत्येक टप्पा एकेकटा पाहिला तर किरकोळ वाटतो. तथापि गळती गुणाकाराने वाढत जाते. समजा, प्रत्येक टप्प्यावर शंभरांपैकी ८५ जण पुढे सरकतात. असे सहा टप्पे ओलांडून मुख्य स्क्रीनपर्यंत पोहोचणारे अवघे ३८ जण उरतात. उरलेल्या ६२ जणांना सल्ला चुकीचा मिळाला असे नाही. त्यांना सल्ला मिळालाच नाही. अ‍ॅपच्या आत शास्त्रज्ञांनी कितीही काळजीपूर्वक माहिती भरलेली असो, या ६२ जणांसाठी ती अस्तित्वात नसते.

कृषी विज्ञान केंद्रात शेतकरी रोगट पान घेऊन येतो तेव्हा तज्ज्ञ प्रथम पान हातात घेतो. मग तो काही प्रश्न विचारतो: पीक किती दिवसांचे आहे, पाणी केव्हा दिले, कोणती फवारणी झाली. या प्रश्नांचा शेतकऱ्याला राग येत नाही, कारण उत्तरासाठी ते आवश्यक आहेत हे त्याला कळते. अ‍ॅपच्या सुरुवातीच्या स्क्रीनची रचना करताना हाच विवेक पाळला पाहिजे. त्यासाठी एकच कसोटी पुरेशी आहे: एखाद्या प्रश्नाचे उत्तर बदलले असता मिळणारा सल्ला बदलतो का? बदलत असेल तर तो प्रश्न सुरुवातीलाच विचारावा. बदलत नसेल तर त्याची जागा पहिल्या सल्ल्यानंतर आहे.

एका एकर कांद्याचे उदाहरण

ही कसोटी एखाद्या साध्या उपयोगावर लावून पाहणे उचित ठरेल. रब्बी कांद्याची लागवड करणाऱ्या शेतकऱ्याला एका एकराला खत किती लागेल हे जाणून घ्यायचे आहे. महाराष्ट्रात रब्बी कांद्यासाठी हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश ही सर्वसाधारण शिफारस प्रचलित आहे. एका एकराला हे प्रमाण अनुक्रमे ४०, २० आणि २० किलो एवढे येते. मात्र शेतकरी दुकानात नत्र मागत नाही. तो गोणी मागतो. म्हणून अ‍ॅपने द्यावयाचे पहिले उत्तर गोण्यांच्या भाषेत असले पाहिजे.

त्यासाठी तीनच गोष्टी विचाराव्या लागतात. पीक कोणते, क्षेत्र किती, आणि स्फुरदासाठी दुकानात कोणते खत उपलब्ध आहे. तिसरा प्रश्न अनेक अ‍ॅपमध्ये नसतो, पण सल्ला त्यावरच सर्वाधिक बदलतो. शेतकऱ्याने सिंगल सुपर फॉस्फेट निवडले तर एका एकराला १२५ किलो, म्हणजे अडीच गोण्या सुपर फॉस्फेट, सुमारे ३३ किलो म्युरेट ऑफ पोटॅश आणि एकूण सुमारे ८७ किलो युरिया लागतो. त्याने डीएपी निवडले तर डीएपी सुमारे ४३ किलो पुरते. त्यातून जवळपास ८ किलो नत्रही मिळत असल्याने युरिया ७० किलोंवर येतो. पहिल्या पर्यायात पिकाला गंधकही मिळते, दुसऱ्यात ते वेगळे द्यावे लागते. कांद्याच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा असल्यामुळे तो उत्तराखाली एका ओळीत सांगितला पाहिजे.

आता स्क्रीनवर काय दिसावे? सुपर फॉस्फेट निवडणाऱ्या शेतकऱ्याला 'लागवडीच्या वेळी' या शीर्षकाखाली अडीच गोण्या सुपर फॉस्फेट, ३३ किलो पोटॅश आणि ४५ किलोंची जवळपास एक गोणी युरिया असे दिसावे. त्याखाली '३० दिवसांनी' आणि '४५ दिवसांनी' या दोन ओळी, प्रत्येकी सुमारे २२ किलो युरियाच्या. अर्धे नत्र लागवडीच्या वेळी आणि उरलेले दोन समान हप्त्यांत, ही शिफारस येथे वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ती मांडणीतूनच कळते.

या सर्व गणिताला नाव, गावाचे नाव, मोबाइल क्रमांक किंवा जन्मवर्ष यांपैकी काहीही लागले नाही. त्याला इंटरनेटही लागत नाही. पिकांच्या शिफारशींचे कोष्टक अतिशय लहान असते. ते अ‍ॅपसोबतच मोबाइलमध्ये आले तर रेंज नसलेल्या शिवारातही उत्तर मिळते. उलट ओटीपीवर अडवणारे अ‍ॅप अशा शिवारात पहिल्या पायरीवरच थांबते.

एक दक्षता मात्र येथे आवश्यक आहे. लवकर उत्तर देण्याच्या ओघात चुकीचे उत्तर दिले जाता कामा नये. वरील गणित माती परीक्षणाशिवाय केलेले आहे. म्हणून उत्तराखालीच 'ही सर्वसाधारण शिफारस आहे; माती परीक्षणाचे आकडे असतील तर येथे भरा' अशी ओळ असावी. ज्याच्याकडे मृदा आरोग्य पत्रिका आहे तो आकडे भरील आणि त्याचे उत्तर सुधारेल. ज्याच्याकडे नाही त्याला पत्रिका काढण्याचे कारण तेथे प्रथमच दिसेल. सुरुवातीलाच सक्तीने विचारलेला हाच प्रश्न, पत्रिका नसलेल्या शेतकऱ्याला बाहेर काढणारा ठरला असता.

भाषा वाचकाची, शिफारस भूमीची

भाषेचा प्रश्न कसोटीला उतरतो. उत्तर वाचताच आले नाही तर ते मिळूनही उपयोग नाही. अनेकांच्या मोबाइलची भाषा इंग्रजी असते, पण वाचन मराठीतच सुकर होते. त्यामुळे मोबाइलच्या भाषेवरून अंदाज न बांधता भाषा एकदा विचारून घेणे योग्य. यादीत प्रत्येक भाषेचे नाव तिच्याच लिपीत असावे.

भाषा आणि राज्य यांची गाठ मात्र कधीही बांधू नये. मराठी निवडताच पुढील स्क्रीनवर केवळ महाराष्ट्रातील जिल्ह्यांची यादी उघडणे ही वरवर निरुपद्रवी दिसणारी, पण गंभीर चूक आहे. बेळगाव परिसरातील ऊस उत्पादक, बऱ्हाणपूरचा केळी बागायतदार, आदिलाबादकडील कापूस पिकवणारा शेतकरी मराठीत वाचत असेल. त्याची जमीन, हवामान आणि त्याच्या राज्यातील कृषी विद्यापीठाची शिफारस महाराष्ट्राची नसते. अशा शेतकऱ्याला आपला जिल्हा यादीत सापडत नाही. मग तो एकतर अ‍ॅप बंद करतो किंवा शेजारचा जळगाव किंवा कोल्हापूर जिल्हा निवडून पुढे जातो. दुसरी शक्यता अधिक वाईट, कारण नोंदणीच्या आकड्यांत ती यश म्हणून दिसते आणि प्रत्यक्षात परक्या जिल्ह्याचा सल्ला त्याच्या शेतात पोहोचतो. भाषा विचारावी, जिल्हा स्वतंत्रपणे विचारावा, आणि दोन्ही नंतर केव्हाही बदलता यावेत.

स्थानाची परवानगी आणि तिची वेळ

जिल्हा विचारण्याऐवजी मोबाइलचे स्थान घेतले तर शेतकऱ्याचे श्रम वाचतील, असा युक्तिवाद केला जातो. तो अंशतः खरा आहे. परंतु मिळणारा सल्ला किती सूक्ष्म आहे याचाही विचार व्हावा. ग्रामीण कृषी मौसम सेवेखाली मंगळवारी आणि शुक्रवारी प्रसिद्ध होणारी कृषी हवामान सल्ला पत्रके जिल्हा किंवा तालुका पातळीवरची असतात. त्यासाठी शेताचे नेमके अक्षांश-रेखांश मागणे म्हणजे मापाने धान्य मोजायचे असताना सोनाराचा काटा मागण्यासारखे आहे. अँड्रॉइडच्या १२ व्या आवृत्तीपासून वापरकर्त्याला नेमके स्थान नाकारून ढोबळ स्थान देण्याची मुभा आहे, आणि अशा सल्ल्यासाठी ढोबळ स्थान पुरते.

वेळेचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. अँड्रॉइडच्या ११ व्या आवृत्तीपासून एखादी परवानगी वापरकर्त्याने दोनदा नाकारली, की प्रणाली ती विचारणारी चौकट पुन्हा दाखवत नाही. त्यानंतर ती देण्यासाठी मोबाइलच्या सेटिंगमध्ये जावे लागते, आणि तेवढी वाट फार थोडे शेतकरी चालतात. अ‍ॅप उघडताक्षणी, ते कशासाठी आहे हे कळण्यापूर्वीच, मागितलेली परवानगी नाकारली जाण्याची शक्यता सर्वाधिक असते. म्हणजे घाईने मागून अ‍ॅप आपली पुढची संधीही गमावते. शेतकऱ्याने जिल्हा यादीतून निवडावा. पुढे 'माझ्या शेताजवळचा पाऊस दाखवा' असे बटण त्याने स्वतः दाबले, की त्या क्षणी स्थान मागावे. कॅमेऱ्याची परवानगी पानाचा फोटो काढताना आणि सूचनांची परवानगी आठवण लावताना, हाच क्रम स्वाभाविक आहे.

मोबाइल क्रमांक केव्हा मागावा

यावरून नोंदणी नकोच, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. नोंदणीला खरे उपयोग आहेत. तिची वेळ आणि तिचे कारण योग्य असले पाहिजे.

कांद्याच्या उदाहरणात खताचे उत्तर मिळाल्यानंतर शेतकऱ्यापुढे पहिली स्वाभाविक गरज उभी राहते ती ३० व्या दिवसाच्या आठवणीची. ही आठवण लावण्यासाठीही मोबाइल क्रमांक लागत नाही. लागवडीची तारीख विचारून मोबाइलनेच त्या दिवशी सूचना दाखवावी. अँड्रॉइडच्या १३ व्या आवृत्तीपासून सूचनांसाठी परवानगी लागते. 'आठवण करून द्या' हे बटण दाबल्यावर ती मागितली तर शेतकऱ्याला तिचा हेतू स्पष्ट दिसतो. काही मोबाइल बॅटरी वाचवण्यासाठी अशा सूचना रोखतात, ही या पद्धतीची मर्यादा आहे. म्हणून तारखा गणिताच्या स्क्रीनवरही ठळक दिसत राहिल्या पाहिजेत.

क्रमांकाची खरी गरज त्यापुढे लागते. मोबाइल बदलला किंवा अ‍ॅप काढून टाकले तर त्यात साठवलेले गणित जाते. दुसऱ्या हंगामाशी तुलना करायची असेल, घरातील दुसऱ्या मोबाइलवर तीच नोंद पाहायची असेल, तर ती कोठेतरी सुरक्षित ठेवावी लागते. येथे 'नोंदणी करा' या कोरड्या आज्ञेऐवजी 'हे गणित जपून ठेवा' असे लिहावे आणि त्याखाली 'मोबाइल बदलल्यास नोंद परत मिळावी म्हणून क्रमांक लागतो' असे कारण द्यावे. शेजारीच 'आता नको' हे बटण तेवढ्याच ठळकपणे असावे. ज्याला जपण्यासारखे काही मिळाले आहे, तो ते जपण्यासाठी क्रमांक देतो.

येथे तांत्रिक बाजूने एक चूक वारंवार घडू शकते. नोंदणीपूर्वी केलेले काम नोंदणीनंतर नव्या खात्याला जोडले जात नाही. ओटीपी भरल्यावर शेतकऱ्यापुढे रिकामी मुख्य स्क्रीन येते आणि जे जपण्यासाठी त्याने क्रमांक दिला तेच नाहीसे झालेले असते. हे टाळण्यासाठी अ‍ॅप बसवताच मोबाइलमध्ये एक यादृच्छिक ओळखखूण तयार करावी, सर्व नोंदी तिच्याखाली ठेवाव्यात, आणि क्रमांकाची खातरजमा झाल्यावर त्या खात्याकडे वळवाव्यात. त्या ओळखखुणेत शेतकऱ्याचे नाव, क्रमांक यांपैकी काहीही नसते.

सक्तीच्या ओटीपीचा एक परिणाम तर अहवालांत कधीच दिसत नाही. अनेक घरांत स्मार्टफोन एकच असतो, किंवा आधारशी जोडलेले सिम घरातील दुसऱ्याच्या साध्या फोनमध्ये असते. शेतात काम करणारी स्त्री घरचा मोबाइल हाती घेऊन अ‍ॅप उघडते, तेव्हा ओटीपी पतीच्या किंवा मुलाच्या क्रमांकावर जातो. तो घरी नसेल तर तिचा प्रश्न तेथेच संपतो. असेल तर नोंद त्याच्या नावाने होते आणि विचारणारी स्त्री आकडेवारीतून अदृश्य होते. नोंदणीविना मिळणारे पहिले उत्तर तिला कोणाच्याही मध्यस्थीशिवाय मिळते.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमातही संमती ठरावीक हेतूपुरती आणि त्या हेतूला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असावी, असे तत्त्व आहे. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्यायही हा कायदा सांगतो. खताच्या गणितासाठी गावाचे नाव आणि जन्मवर्ष मागणारी स्क्रीन या तत्त्वाशी विसंगत आहे. शिवाय जी माहिती गोळाच केली नाही, ती सांभाळण्याचा भार संस्थेवर येत नाही.

आक्षेप आणि त्यांचे मूळ

सक्तीच्या नोंदणीमागे रचनाकाराचे अज्ञान क्वचितच असते. प्रकल्पाच्या अहवालात 'नोंदणीकृत शेतकरी' असा रकाना असतो. 'उत्तर मिळालेले शेतकरी' असा नसतो. मग मेळाव्यात विस्तार कार्यकर्त्याला उद्दिष्ट दिले जाते, तो रांगेतील शेतकऱ्यांचे मोबाइल घेऊन नोंदण्या करतो, आणि त्यांतील कित्येक अ‍ॅप पुन्हा उघडली जात नाहीत. रकाना भरतो, पण त्यातून सल्ल्याच्या उपयोगाविषयी काहीही कळत नाही.

यावर उपाय रकाना बदलण्याचा आहे. वर सांगितलेल्या ओळखखुणेच्या आधारे, कोणाचेही नाव न घेता, तीन गोष्टी मोजता येतात: पहिल्याच वापरात किती जणांना एक पूर्ण उत्तर मिळाले, त्यासाठी किती वेळ लागला, आणि पुढील १४ दिवसांत किती जण परत आले. जिल्हा निवडलेला असल्याने हे आकडे जिल्हावार मिळतात. अ‍ॅप काढून पुन्हा बसवणारा शेतकरी यात दोनदा मोजला जाईल, हे खरे. पण एकापेक्षा अधिक सिम वापरणारा शेतकरी नोंदणीतही दोनदा मोजला जातोच.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे. काही सेवांमध्ये सुरुवातीलाच ओळख लागते. अनुदानाचा अर्ज, विम्याचा दावा, थेट खात्यात जमा होणारी रक्कम यांत ओळख पटवणे हाच कामाचा गाभा आहे. तेथे ओळखीशिवाय पुढे जाता येणार नाही. तज्ज्ञाने स्वतः पाहून दोन दिवसांनी उत्तर द्यायच्या प्रश्नालाही संपर्क क्रमांक हवा, कारण त्याशिवाय उत्तर पोहोचणार कसे? तो मागितल्याने तज्ज्ञाचा वेळ वाया घालवणारे प्रश्नही कमी होतात. तरीही या सेवांच्या दारापर्यंत जाण्याची वाट मोकळी ठेवता येते. अर्जाआधी पात्रता आणि कागदपत्रांची यादी, आणि तज्ज्ञाकडे फोटो पाठवण्याआधी त्या पिकावरील नेहमीच्या रोगांची चित्रे नोंदणीविना दाखवण्यात कोणतीच अडचण नाही. चित्रांतच उत्तर सापडले तर तज्ज्ञाचा वेळही वाचतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी करावयाची परीक्षा

अ‍ॅप बनवणारे शहरात बसतात. पहिल्या दोन मिनिटांतील अडखळणे प्रत्यक्ष पाहण्याची संधी विस्तार कार्यकर्त्यांनाच असते. अ‍ॅप गावोगावी पोहोचवण्यापूर्वी पाच शेतकऱ्यांना, त्यांत किमान दोन स्त्रिया, त्यांच्याच मोबाइलवर ते नव्याने बसवायला सांगावे. काम एकच द्यावे: 'एक एकर कांद्याला लागवडीच्या वेळी कोणते खत किती द्यायचे ते यातून काढा.' त्यानंतर कार्यकर्त्याने मदत न करता शांत बसावे. हे शांत बसणे सर्वांत अवघड असते, पण एकदा सांगितले की परीक्षा संपली.

कागदावर चारच नोंदी पुरतात. पहिले बरोबर उत्तर किती सेकंदांत मिळाले. अंगठा कोणत्या स्क्रीनवर थांबला. 'हे कशाला पाहिजे?' असे कोणत्या प्रश्नावर विचारले गेले. आणि मोबाइल दुसऱ्या कोणाच्या हाती केव्हा दिला गेला. पाचांपैकी तिघांना दीड मिनिटात उत्तर मिळाले नाही, तर दोष शेतकऱ्यांच्या डिजिटल साक्षरतेत न शोधता स्क्रीनच्या क्रमात शोधावा. ज्या प्रश्नावर 'कशाला?' असे दोघांनी विचारले, तो प्रश्न पहिल्या उत्तरानंतर हलवण्याची शिफारस लेखी स्वरूपात अ‍ॅप बनवणाऱ्या गटाकडे पाठवावी आणि सुधारणेनंतर नव्या पाच जणांकडून हीच परीक्षा पुन्हा करून घ्यावी.

प्रगतिशील शेतकऱ्यांनीही एक गोष्ट करण्यासारखी आहे. नोंदणी मागणाऱ्या अ‍ॅपला ते सहसा क्रमांक देऊन पुढे जातात, कारण त्यांना अडचण येत नाही. आणि म्हणूनच ती अडचण अ‍ॅप बनवणाऱ्यांना कळत नाही. प्ले स्टोअरवर अभिप्राय लिहिताना 'उपयुक्त आहे' एवढ्यावर न थांबता, पहिले उत्तर मिळेपर्यंत किती स्क्रीन ओलांडाव्या लागल्या आणि त्यांतील कोणत्या अनावश्यक होत्या, हे त्यांनी नेमकेपणाने लिहावे. शेजारच्या बांधावरचा शेतकरी कोणत्या स्क्रीनवरून माघारी फिरला, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला क्वचितच ठाऊक असते.